नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे काम आणि वेतन-फेरविचाराचे पत्र

मंडळी, आज मी एकाच पत्राविषयी बोलणार आहे. चार वर्षे अनुभव असलेल्या एका टेस्टरने ते आपल्या मॅनेजरला लिहिले होते. तो मॅनेजर मी होतो, आणि त्या पत्राचा पहिला मसुदा मी पुढे पाठवू शकलो नाही, दुसरा पाठवला. दोन्ही मसुदे प्रामाणिक होते, तरीही एक अडला आणि दुसरा पुढे सरकला, याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तारखा मी थोड्या बदलून सांगतो.

ही मुलगी पुण्यातल्या आमच्या टीममध्ये विमा कंपनीच्या एका पोर्टलवरचा दाव्यांचा भाग हाताने तपासत असे. तिच्या शेजारी बसणारा वरिष्ठ सहकारी ऑटोमेशन, म्हणजे स्क्रिप्टांकरवी आपोआप चालणाऱ्या चाचण्या, सांभाळायचा. त्याने राजीनामा दिला, साठ दिवसांचा नोटीस पीरियड पूर्ण केला, शेवटचे दोन आठवडे हिला केटी दिली, म्हणजे काम समजावून दिले, आणि 14 नोव्हेंबरला तो गेला. त्याच्या जागी माणूस घेण्यासाठी जाहिरात निघाली, मुलाखतीही झाल्या. पण जानेवारीच्या अखेरीस भरती थांबवण्याचा आदेश आला आणि ती जागा बंद झाली. ‘हे काम यापुढे तुझे’ असे तिला कोणीही लेखी कळवले नाही. कामांची नोंद ठेवणाऱ्या जिरामधली तिकिटे तिच्या नावावर येऊ लागली, एवढेच. आपल्या क्षेत्रात जबाबदारी बहुतेक वेळा अशीच पाऊल न वाजवता येते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने मसुदा दाखवला. त्यात म्हटले होते की साडेतीन महिने मी दोन माणसांचे काम करत आहे, रात्री नऊपर्यंत थांबते, शनिवारीही लॅपटॉप उघडावा लागतो, तेव्हा माझ्या वेतनाचा विचार व्हावा. मी तिला विचारले, हे पत्र माझ्यापाशी थांबणार आहे का? ते एचआरकडे जाईल, तिथून फायनान्सकडे जाईल, आणि तिथला माणूस म्हणेल, एक व्यक्ती दोघांचे काम करूच शकत नाही, मग यातले नेमके काय होत नाही ते सांगा. त्याचा प्रश्न रास्तही होता, कारण तिच्या मूळ कामातला काही भाग खरोखरच एका ज्युनिअरकडे सरकला होता. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. जास्तीच्या तासांची तक्रार ही कामाच्या बोजाची तक्रार म्हणून वाचली जाते, आणि बोजाच्या तक्रारीवरचा उपाय मदतनीस देणे हा असतो, पगार वाढवणे हा नसतो. त्या पत्रावर तिला फार तर एक इंटर्न मिळाला असता.

मी तिला सांगितले की तास बाजूला ठेव आणि काम काय आहे ते सांग. तेव्हा जे बाहेर आले ते असे. रात्री साडेअकराला जेन्किन्स या स्क्रिप्टा आपोआप चालवणाऱ्या साधनावर 640 स्क्रिप्टांचा रिग्रेशन रन सुरू होतो, म्हणजे आधी चालणारे काही नव्या बदलांनी मोडले नाही ना, याची तपासणी. सकाळी अहवालात तीस-चाळीस स्क्रिप्टा लाल दिसतात. त्यांपैकी सॉफ्टवेअरमधला खरा दोष दाखवणाऱ्या दोन किंवा तीन. बाकीच्या पान उशिरा उघडल्याने, डेव्हलपरने एखाद्या बटणाचा आयडी बदलल्याने, किंवा चाचणीसाठी ठेवलेल्या पॉलिसीची मुदतच संपल्याने पडलेल्या असतात. लाल स्क्रिप्ट एकटी पुन्हा चालवायची. दुसऱ्या वेळी ती पास झाली तर ती बेभरवशाची आहे, अशी शंका घेऊन तिची नोंद ठेवायची. पुन्हा त्याच ठिकाणी पडली तर लॉग आणि स्क्रीनशॉट पाहायचा आणि तीच पावले स्वतःच्या हाताने करून बघायची. हाताने काम होत असेल तर बहुधा स्क्रिप्ट मोडली आहे. होत नसेल तर दोष खरा आहे. हा निवाडा साडेदहाच्या स्टँडअप बैठकीपूर्वी व्हावा लागतो, कारण खरा दोष ‘स्क्रिप्टचीच गडबड असेल’ म्हणून सोडून दिला, तर तो थेट ग्राहकाच्या पडद्यावर उगवतो.

त्यानंतर ती सहज म्हणाली, “आणि रिलीझच्या आदल्या दिवशीचा साइन-ऑफचा मेल मीच पाठवते.” ही गोष्ट पहिल्या मसुद्यात नव्हतीच! साइन-ऑफ म्हणजे हे व्हर्जन प्रॉडक्शनवर, ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात, जाण्यास चाचणी विभागाची हरकत नाही, असे स्वतःच्या नावाने लिहून देणे. तिने तोवर सात रिलीझना साइन-ऑफ दिला होता, आणि एकदा तो रोखूनही धरला होता. आमच्या ग्रेडच्या रचनेत टेस्ट इंजिनिअर चाचणी करतो आणि सीनियर टेस्ट इंजिनिअर साइन-ऑफ देतो. शनिवारचा लॅपटॉप तिला आठवला आणि हे आठवले नाही, कारण मेल पाठवायला पाचच मिनिटे लागतात. श्रम जिथे जास्त तिथेच मोल जास्त, असे आपण मनाशी धरून चालतो.

एक कागद मात्र आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर होता आणि सुचला उशिरा: बंद झालेल्या जागेची अंतर्गत जाहिरात. ती कंपनीने स्वतः लिहिली होती. काम काय, ग्रेड कोणती, अनुभव किती हवा, सगळे तिच्यात होते. ज्याने पत्र मंजूर करायचे त्याच्याच संस्थेने त्या कामाची ग्रेड आधीच ठरवून ठेवली असेल, तर अर्जदाराने आपले काम थोर आहे हे पटवत बसण्याची गरज उरत नाही. त्या जाहिरातीत सहा जबाबदाऱ्या होत्या. तिने प्रत्येकीसमोर आपली स्थिती लिहिली. चार ती पूर्णपणे करत होती, नव्या स्क्रिप्टा लिहिण्याचे काम अर्धेमुर्धे होते, आणि परफॉर्मन्स टेस्टिंग दुसऱ्या टीमकडे गेले होते. न होणाऱ्या कामाचाही उल्लेख करावा, असा मी आग्रह धरला. फायनान्सचा माणूस जे शोधून काढणार ते आपणच सांगितले की उरलेल्या चारांवर तो विश्वास ठेवतो.

दुसरा मसुदा मूळ इंग्रजीत होता. त्याचा मराठी गाभा असा:

“विषय: बदललेल्या जबाबदाऱ्यांनुसार ग्रेड आणि वेतनाचा फेरविचार.

17 नोव्हेंबरपासून मी रात्रीच्या रिग्रेशन रनचे विश्लेषण, स्क्रिप्टांची दुरुस्ती, चाचणी-डेटाची देखभाल आणि रिलीझचा साइन-ऑफ ही चार कामे स्वतंत्रपणे पाहत आहे. सीनियर टेस्ट इंजिनिअर या पदाच्या अंतर्गत जाहिरातीत ही कामे नमूद होती. ती जागा जानेवारीत बंद झाली असल्याने ती माझ्याकडे कायम राहतील असे मी समजते. नव्या स्क्रिप्टा लिहिण्याचे काम मी अंशतः करते आणि परफॉर्मन्स टेस्टिंग माझ्याकडे नाही. माझ्या मूळ कामापैकी दाव्यांच्या स्क्रीनची प्राथमिक चाचणी आता ज्युनिअर सहकारी करतात. तिचा आढावा मी घेते.

या काळात मी सात रिलीझना साइन-ऑफ दिला. रनमधील बेभरवशाच्या स्क्रिप्टांची संख्या 38 वरून 11 वर आली आहे. दोन्हींच्या नोंदी जिरा आणि जेन्किन्सवर उपलब्ध आहेत.

माझी विनंती आहे की 1 एप्रिलपासून मला सीनियर टेस्ट इंजिनिअर ही ग्रेड द्यावी आणि माझे वार्षिक सीटीसी 7,20,000 रुपयांवरून 9,00,000 रुपये करावे. हे शक्य नसल्यास वरीलपैकी कोणती कामे माझ्याकडे राहतील, हे लेखी कळवावे. याविषयी 20 मार्चपूर्वी चर्चेसाठी वेळ मिळावी.”

‘कायम राहतील असे मी समजते’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तात्पुरते काम असेल तर कंपनी फार तर एकरकमी बक्षीस देईल आणि त्यात गैर काही नाही. वेतन बदलण्यासाठी काम कायमचे बदललेले असावे लागते. हे वाक्य वाचणाऱ्याला एकतर होकार द्यावा लागतो किंवा नवा माणूस कधी येणार ते सांगावे लागते. विषयात ‘वेतनवाढ’ हा शब्द टाळण्यामागेही कारण होते. अनेक कंपन्यांत वार्षिक वाढ टीमला मिळालेल्या एका ठरावीक रकमेतून वाटली जाते, आणि ग्रेड बदलाचा निर्णय वेगळ्या खात्यातून होतो. पहिल्या रकमेत तिला जास्त देणे म्हणजे शेजाऱ्याचे कमी करणे.

गेलेल्या सहकाऱ्याचा पगार तिला ठाऊक होता. तो पत्रात आणू नकोस, असे मी सांगितले. त्यात त्याच्या आठ वर्षांच्या अनुभवाचे आणि त्याच्या पूर्वीच्या कंपनीतल्या पगाराचेही वजन होते, आणि तुलना तिथे गेली की चर्चा कामावरून माणसावर घसरते. आकडा मागताना तो सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा, आहे की हातात येणाऱ्या पगाराचा, हेही स्पष्ट हवे. 1,80,000 रुपयांची वाढ म्हणजे महिना पंधरा हजार, असे तिने गृहीत धरले होते. आमच्याकडे दहा टक्के भाग व्हेरिएबल होता आणि मूळ वेतन सीटीसीच्या चाळीस टक्के. म्हणजे वाढीतले 18,000 कामगिरीवर अवलंबून. मूळ वेतनातल्या 72,000 च्या वाढीवर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा बारा टक्क्यांनी 8,640, ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी सुमारे 3,460, आणि तिच्या स्वतःच्या वाट्याचे आणखी 8,640. उरलेले वर्षाला 1,41,000 च्या आसपास, म्हणजे प्राप्तिकरापूर्वी महिना पावणेबारा हजार. ज्या कंपन्यांत निधीचा वाटा 15,000 रुपयांच्या मर्यादेवरच कापला जातो तिथे हे गणित बदलते, म्हणून पगारपत्रक समोर ठेवूनच आकडा ठरवावा.

एक धोका जाता जाता सांगतो. पुरावा जोडायच्या उत्साहात तिने ग्राहकाच्या दोषांचे स्क्रीनशॉट स्वतःच्या वैयक्तिक मेलवर पाठवण्याची तयारी केली होती. गोपनीयतेच्या कराराचा तो उघड भंग ठरला असता आणि वेतनाची चर्चा तिथेच संपली असती. नोंदी कुठे आहेत एवढे लिहिले की पुरे.

पत्र मी 6 मार्चला माझ्या दोन ओळी जोडून पुढे पाठवले. एचआरने एकच प्रश्न विचारला: साइन-ऑफ नोव्हेंबरपासून सलग तिचाच आहे का? मेलच्या तारखा तयार होत्या. तिला 1 एप्रिलपासून ग्रेड मिळाली, सीटीसी 8,52,000 झाले, मागील साडेचार महिन्यांचा फरक मिळाला नाही, आणि परफॉर्मन्स टेस्टिंग तिच्याकडे नाही हे नव्या पदाच्या पत्रात लिहून आले. सप्टेंबरमध्ये ते काम तिच्याकडे सोपवण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा तिने ते पत्र काढून टेबलावर ठेवले.