शिकागोचा पत्ता कसा वाचायचा

[पडद्यावर पत्ता: 1437 W Taylor St, Apt 3R, Chicago]

अमेरिकेत शिकायला आलेल्या मुलाच्या फोनवर घरमालकाने पाठवलेला पत्ता असा दिसतो. जवळची खूण नाही, सोसायटीचे नाव नाही. पण हा उदाहरणादाखल घेतलेला पत्ता नीट वाचला, तर नकाशा न उघडता घर कुठे आहे, रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे आणि कोपऱ्यापासून किती चालायचे आहे, एवढे सगळे कळते.

शिकागोत सगळे मोजमाप स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकातून सुरू होते. हा शून्याचा चौक. स्टेटच्या एका बाजूला पूर्व, दुसऱ्या बाजूला पश्चिम. मॅडिसनच्या वर उत्तर, खाली दक्षिण. 1909 साली शहराने घरांचे क्रमांक या पद्धतीने नव्याने लावले. पत्त्यातले डब्ल्यू हे अक्षर म्हणजे पश्चिम, आणि 1437 म्हणजे स्टेटपासून पश्चिमेकडे मोजलेले अंतर. सर्वसाधारणपणे 800 क्रमांकांचा एक मैल, म्हणजे 100 क्रमांकांना साधारण 200 मीटर.

आता आडवे रस्ते. लूमिस रस्ता 1400 पश्चिमेला आहे आणि लॅफ्लिन 1500 ला. म्हणजे 1437 हे घर या दोघांच्या मध्ये, लूमिसपासून सुमारे 75 मीटरवर. शिकागोत टॅक्सीवाल्याला किंवा मित्राला ठिकाण सांगायचे तर ‘टेलर आणि लूमिस’ म्हटले की पुरते. बसथांब्यांची नावेही अशीच असतात.

[कोपऱ्यावरच्या हिरव्या पाटीचे जवळून दृश्य]

कोपऱ्यावरच्या पाटीवर रस्त्याच्या नावाबरोबर बारीक अक्षरांत एक आकडा आणि दिशा असते. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. लूमिसच्या पाटीवर 1400 पश्चिम लिहिलेले असते, ते लूमिस रस्ता स्वतः कुठे आहे ते सांगण्यासाठी. टेलरवरून चालताना तुम्ही कुठवर आलात ते टेलरच्या पाटीवर मिळत नाही. आडव्या रस्त्याच्या पाटीवर मिळते. पुढच्या पाटीवरचा आकडा 1437 च्या जवळ सरकला तर दिशा बरोबर आहे, लांब गेला तर मागे फिरा.

मग बाजू. शिकागोत सम क्रमांक रस्त्याच्या उत्तर आणि पश्चिम बाजूला, विषम क्रमांक दक्षिण आणि पूर्व बाजूला. टेलर हा पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता, 1437 विषम, म्हणून घर दक्षिण बाजूला. पश्चिमेकडे तोंड करून चालत असाल तर डाव्या हाताला.

समजा, तुम्ही ब्लू लाइनच्या रसीन स्टेशनवर उतरलात. स्टेशन रसीन रस्त्यावर, साधारण 430 दक्षिणेला. टेलर आहे 1000 दक्षिणेला. 570 क्रमांक, म्हणजे अकराशे मीटरपेक्षा जास्त, असा हिशेब होईल. प्रत्यक्षात चालावे लागते जेमतेम 760 मीटर. कारण मॅडिसनच्या दक्षिणेला पहिल्या मैलात 800 नाही, 1200 क्रमांक बसवले आहेत. दुसऱ्या मैलात 1000, तिसऱ्यात 900, आणि त्यापुढे नेहमीचे 800. त्यामुळे शहराच्या मध्याजवळ दक्षिणेकडे निघाल्यावर क्रमांक भराभर वाढतात, रस्ता मात्र तेवढा सरत नाही. रसीन 1200 पश्चिमेला आहे. टेलरवर उजवीकडे वळून 237 क्रमांक, म्हणजे पावणेपाचशे मीटर गेले की घर आले.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दिशेचे अक्षर गाळणे. हॉलस्टेड रस्ता उत्तरेलाही आहे आणि दक्षिणेलाही. 1400 उत्तर हॉलस्टेड आणि 1400 दक्षिण हॉलस्टेड यांच्यात जवळपास तीन मैलांचे अंतर आहे. ऑनलाइन फॉर्म भरताना मुले हे अक्षर निरुपयोगी समजून सोडून देतात, आणि पार्सल तीन मैल दूर जाते.

दक्षिण भागात बहुतेक पूर्व-पश्चिम रस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत. 35वा रस्ता म्हणजे 3500 दक्षिण. तिथे पत्त्यात दोन आकडे लागोपाठ येतात: पहिला घराचा, दुसरा रस्त्याचा. शिवाय 35th St आणि 35th Pl हे दोन वेगळे रस्ते आहेत. दुसरा पहिल्याच्या जरासा दक्षिणेला. शेवटची दोन अक्षरेही लिहायलाच हवीत.

राहिला 3R. तिसरा मजला, मागची बाजू. पुढच्या घराला 3F. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणून हा आपल्याकडचा दुसरा मजला. काही इमारतींत आर म्हणजे उजवीकडचे घर असते, तेव्हा घरमालकाला आधी विचारून घ्यावे.

आणि सम-विषमचा हा नियम शिकागोबाहेर नेऊ नये. मॅनहॅटनमध्ये पूर्व-पश्चिम रस्त्यांवर तो बहुतेक ठिकाणी नेमका उलटा आहे: विषम क्रमांक उत्तरेला, सम दक्षिणेला. तिथे पूर्व-पश्चिमेची विभागणीही फिफ्थ अव्हेन्यूपासून होते. नव्या शहरात पोहोचलात की शेजारच्या दोन दुकानांचे क्रमांक बघा आणि समोरच्या बाजूचे दोन बघा. बाजू आणि दिशा, दोन्ही तिथेच कळतात.