प्रास्ताविकातून दीडशे शब्दांचा गोषवारा

(पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

प्रबंध लिहून संपत आला की गोषवाऱ्याची आठवण होते. मग बहुतेक जण पहिले प्रकरण उघडतात आणि त्यातली वाक्ये निवडत, कापत दीडशे शब्दांपर्यंत येतात. आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः या एकाच सवयीबद्दल बोलायचे आहे, कारण तिच्यातून जे तयार होते तो गोषवारा नसतो. ते छोटे प्रास्ताविक असते.

फरक कुठे आहे ते पाहा. प्रास्ताविक लिहिताना निकाल अजून पुढे आहेत, अशी आपली भूमिका असते. प्रास्ताविक विषयाचे क्षेत्र दाखवते, त्यात काय उणे आहे ते सांगते आणि ती उणीव भरायला आपण काय करणार ते सांगून थांबते. इंग्रजी शोधनिबंधांची प्रास्ताविके तपासून जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये जो प्रसिद्ध आराखडा मांडला, त्यात याच तीन चाली आहेत: क्षेत्र उभे करणे, त्यात मोकळी जागा दाखवणे आणि ती जागा व्यापणे. म्हणजे प्रास्ताविकाचा शेवट वचनाने होतो. गोषवारा वाचणाऱ्याला मात्र ते वचन कसे पुरे झाले, हे हवे असते. प्रास्ताविक कितीही कुशलतेने आटवले, तरी जे त्यात मुळातच नाही ते आटवून निघणार नाही.

म्हणून पहिला हिशेब असा करा. दीडशे शब्दांपैकी प्रास्ताविकाच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश, म्हणजे पन्नासच्या आत-बाहेर शब्द. उरलेले शंभर पद्धतीच्या, निकालांच्या आणि निष्कर्षांच्या प्रकरणांतून येतात. दीडशेची मर्यादा सगळीकडे असते असे नाही. प्रबंधांचे गोषवारे छापणाऱ्या यूएमआय या संस्थेने एके काळी पदव्युत्तर प्रबंधाला १५० आणि डॉक्टरेटला ३५० शब्द ठेवले होते. मर्यादा बदलली तरी एक तृतीयांशाचा हा अंदाज बहुधा टिकतो.

आता एक उदाहरण घेऊ. प्रबंध मी या व्याख्यानापुरता रचलेला आहे, त्यातले आकडेही रचलेले आहेत. विषय आहे वर्गात आवाज घुमणे आणि मुलांचे श्रुतलेखन. आवाज बंद झाल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला जेवढा वेळ लागतो, तो घुमण्याचा काळ. हा काळ लांबला की एका अक्षराचे शेपूट पुढच्या अक्षरावर पडते. समजा या प्रबंधाचे प्रास्ताविक सात पानांचे आहे. पहिली दोन पाने भाषाशिक्षणाचे महत्त्व आणि श्रुतलेखनाचा इतिहास यांवर, पुढची तीन पूर्वसंशोधनावर, सहावे संशोधनप्रश्नावर आणि सातवे प्रकरणांच्या मांडणीवर.

पहिल्या दोन पानांतून काहीच घ्यायचे नाही. हे ऐकायला कठोर वाटते, कारण ती पाने मेहनतीने लिहिलेली असतात. पण ती वाचकाला विषयाकडे आणण्यासाठी आहेत आणि गोषवारा उघडणारा वाचक शीर्षक वाचूनच आलेला असतो. सातव्या पानातूनही काही नको. ‘दुसऱ्या प्रकरणात अमुक, तिसऱ्यात तमुक’ ही अनुक्रमणिका झाली.

पूर्वसंशोधनाची तीन पाने मात्र अवघड आहेत. तिथे चौदा अभ्यासांची चर्चा आहे आणि आपल्याकडे एका वाक्याची जागा आहे. चौदांतले दोन ‘महत्त्वाचे’ निवडून त्यांची नावे देणे हा चुकीचा मार्ग आहे. गोषवाऱ्यात शक्यतो संदर्भ देऊच नयेत, कारण तो प्रबंधापासून सुटा होऊन याद्यांमध्ये फिरतो आणि संदर्भसूची त्याच्यासोबत जात नाही. कोणी काय म्हटले ते सोडा आणि चौदाही अभ्यासांना एकच प्रश्न विचारा: यांनी काय मोजले आणि काय मोजले नाही? उत्तर एका ओळीत येते. त्यांनी ऐकणे मोजले, लिहिणे फारसे मोजले नाही. हीच उणीव.

हे वाक्य बरोबर उतरले का, याची खूणही सांगतो. उणिवेच्या वाक्यातला कळीचा शब्द लगेच पुढे येणाऱ्या प्रश्नाच्या वाक्यात दिसला पाहिजे. उणीव ‘लेखना’ची आणि प्रश्न ‘श्रुतलेखना’चा, म्हणजे सांधा जुळला. ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य कोणत्याही प्रबंधाला चिकटवता येते, त्यामुळे ते उणीव सांगतच नाही.

आता प्रश्नाचे वाक्य. सहाव्या पानावर ते असे आहे: ‘प्रस्तुत संशोधनाच्या माध्यमातून संशोधकाने वर्गातील ध्वनिविषयक परिस्थितीचा विद्यार्थ्यांच्या श्रुतलेखन कौशल्यावर होणारा परिणाम अभ्यासण्याचा प्रयत्न केलेला आहे.’ शब्द सोळा. त्याऐवजी हे पाहा: ‘प्रस्तुत अभ्यासात, वर्गातील घुमण्याचा काळ कमी केल्यास तिसरीतील मुलांच्या श्रुतलेखनातील चुका कमी होतात का, हे तपासले.’ हेही सोळाच शब्द. पण इथे काय बदलले, कोणासाठी बदलले आणि काय मोजले, हे तिन्ही कळते. पहिल्या वाक्यातले ‘माध्यमातून’, ‘परिस्थितीचा’, ‘कौशल्यावर’, ‘प्रयत्न केलेला आहे’ हे शब्द जागा खातात. मराठी प्रबंधलेखनात ‘करण्यात आले आहे’, ‘असे दिसून आले आहे की’ हे इतके हाताशी बसलेले असते की लिहिताना जाणवत नाही. ‘केले’ आणि ‘दिसले’ पुरते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे थोड्या शब्दांत बरेच मावते. ती सोय अशा शेपटांवर घालवू नये.

इथे प्रास्ताविकाचे काम संपले. ते आता मिटून ठेवा, खरोखर मिटा. पद्धतीचा मजकूरही प्रास्ताविकातून उचलला तर एक ठरलेली चूक होते. आपल्या प्रबंधात प्रास्ताविक म्हणते, ‘६२ मुलांचा अभ्यास केला जाईल.’ निकालांच्या प्रकरणात मुले ५८ आहेत, कारण चार जण दुसऱ्या चाचणीला गैरहजर होते. प्रास्ताविकातला आकडा योजनेचा आणि निकालातला घडलेल्या गोष्टीचा. गोषवाऱ्यात ६२ गेले तर परीक्षक पहिल्याच पानावर अडखळतो आणि पुढचे सगळे आकडे संशयाने वाचतो. ‘केला जाईल’ हा भविष्यकाळही असाच सोबत येतो. गोषवाऱ्यात भविष्यकाळ दिसला की मजकूर कुठून आला ते लगेच समजते. ‘वरील तीन घटकांपैकी’मधला ‘वरील’ हीसुद्धा तीच खूण. गोषवाऱ्याच्या वर काहीच नसते.

पूर्ण गोषवारा असा होईल:

वर्गात आवाज घुमत राहिला की मागच्या बाकांवरील मुलांना शब्दांची शेवटची अक्षरे नीट ऐकू येत नाहीत. हा परिणाम आजवर बहुतेक ऐकण्याच्या चाचण्यांतून मोजला गेला आहे. लेखनावर तो कसा उतरतो, याची माहिती अपुरी आहे. प्रस्तुत अभ्यासात, वर्गातील घुमण्याचा काळ कमी केल्यास तिसरीतील मुलांच्या श्रुतलेखनातील चुका कमी होतात का, हे तपासले. एका शाळेतील दोन सारख्या वर्गखोल्यांपैकी एकीत ध्वनिशोषक पॅनेल बसवून हा काळ १.४ सेकंदांवरून ०.७ सेकंदांवर आणला. दुसरी खोली तशीच ठेवली. पहिल्या खोलीतील ३० आणि दुसरीतील २८ मुलांनी पॅनेल बसवण्यापूर्वी आणि आठ आठवड्यांनंतर ध्वनिमुद्रित ४० शब्दांचे श्रुतलेखन केले. पॅनेल बसवलेल्या खोलीत सरासरी चुका ११वरून ७ झाल्या. दुसऱ्या खोलीत त्या ११वरून १० झाल्या. सर्वाधिक घट शेवटच्या दोन रांगांत आणि विभक्तिप्रत्ययांच्या चुकांत दिसली. पुढच्या रांगांत फरक नगण्य होता. त्यावरून, प्रत्ययांच्या चुका केवळ व्याकरणाच्या अज्ञानातून होत नाहीत, काही ऐकण्यातूनही होतात, असे सूचित होते. अभ्यास एकाच शाळेपुरता असल्याने निष्कर्ष इतरत्र लागू करण्यापूर्वी अधिक खोल्यांत पडताळणी आवश्यक आहे.

हे १४० शब्द आहेत. पहिली चार वाक्ये, म्हणजे ४८ शब्द, प्रास्ताविकातली. पद्धतीला ३७, निकालांना २८, अर्थ आणि मर्यादेला मिळून २७. दहा शब्द मुद्दाम शिल्लक ठेवले आहेत, कारण मार्गदर्शक एखादी भर सुचवतातच आणि काठोकाठ भरलेल्या गोषवाऱ्यात तिला जागा करताना चांगले वाक्य मोडते. शब्द मोजणारे सॉफ्टवेअर मोकळ्या जागा पाहून मोजते, म्हणून ‘११ वरून’ सुटे लिहिले तर दोन शब्द होतात.

त्यातल्या दोन जागा जवळून पाहू. पहिली, ‘ध्वनिमुद्रित’. हा एक शब्द काढला तर वाचकाला लगेच शंका येते की पॅनेल बसवल्यावर शिक्षकांनीच शब्द जास्त स्पष्ट उच्चारले असतील. प्रबंधात या शंकेला अर्धे पान दिलेले असते. गोषवाऱ्यात ते अर्धे पान एका विशेषणात बसते. पद्धतीतला कोणता तपशील ठेवायचा, याची कसोटी हीच: जो काढल्यावर निकालावर शंका येते तो ठेवा. मुलांची वये, चाचणीचा वार, पॅनेलची जाडी काढल्याने शंका येत नाही, मग ते तपशील प्रबंधातच राहू द्या.

दुसरी जागा, ‘असे सूचित होते’. इथे ‘सिद्ध होते’ लिहिण्याचा मोह असतो आणि तेवढ्यात एकही शब्द वाढत नाही. पण या आराखड्यात पॅनेल एकाच खोलीत आहेत. त्या खोलीचे शिक्षक वेगळे, आठ आठवड्यांचे शिकवणेही वेगळे. चाचणीचा आवाज ध्वनिमुद्रित असला तरी शिकवण्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. शेवटच्या प्रकरणात ही अडचण मान्य केलेली आहे. शब्द आटवताना सर्वांत आधी असे सावध शब्दच गळतात आणि गोषवारा प्रबंधापेक्षा मोठा दावा करू लागतो. तोंडी परीक्षेत मग प्रबंधाऐवजी गोषवाऱ्याचा बचाव करावा लागतो. दुसऱ्या खोलीतली ११वरून १० ही घटही म्हणूनच ठेवली आहे; ती गाळली असती तर चारच्या चार चुका पॅनेलच्या नावावर गेल्या असत्या.

गोषवारा झाल्यावर छापील प्रत घेऊन त्यातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने प्रबंधाचा पृष्ठक्रमांक लिहा. आपल्या उदाहरणात असे दहा आकडे आहेत: दोन खोल्या, दोन काळ, मुलांचे दोन गट, शब्दसंख्या आणि चुकांच्या चार सरासऱ्या. शिवाय ‘आठ आठवडे’ आणि ‘शेवटच्या दोन रांगा’ही तपासा. ज्याला पृष्ठक्रमांक सापडत नाही, तो आकडा स्मरणातून आलेला असतो. मार्गदर्शकांच्या शेवटच्या दुरुस्त्यांनंतर निकालांचे कोष्टक बदलले असेल, तर हे काम पुन्हा करायचे, कारण दुरुस्ती कोष्टकात होते आणि गोषवाऱ्यातला आकडा जुनाच राहतो.