एक सप्टेंबरच्या अलीकडचा खर्च

पडद्यावर एका अभियंत्याची टाइमशीट आहे. सोमवारी सेन्सरच्या पडद्यासाठी नव्या साहित्याचा शोध, सहा तास. मंगळवारी नमुना यंत्राची जुळणी, आठ तास. माणूस तोच, पगारही तोच. तरी हे दोन्ही दिवस हिशेबात वेगळ्या खात्यात जाऊ शकतात, आणि ते कशावर ठरतं हे आपण बघणार आहोत.

आयएएस ३८ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाची सुरुवातीची भूमिका कडक आहे. कंपनीने स्वतः केलेल्या संशोधनाचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. नवं ज्ञान शोधणं, पर्यायी साहित्य तपासणं, वेगवेगळे आराखडे चाचपून बघणं, या टप्प्यावर पुढे पैसे येतील हे दाखवता येत नाही. म्हणून हा खर्च ज्या त्या वर्षी सरळ नफा-तोटा पत्रकात जातो. संशोधन कुठे संपलं आणि विकास कुठे सुरू झाला हेच सांगता येत नसेल, तर सगळा खर्च संशोधनाचा धरायचा.

विकासाच्या टप्प्यात दार उघडतं, पण सहा अटी पुराव्यानिशी दाखवाव्या लागतात. काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकतं. ते पूर्ण करून वापरायचा किंवा विकायचा इरादा आहे. तसं वापरण्याची किंवा विकण्याची क्षमता आहे. त्यातून पैसा कसा येणार, म्हणजे बाजार आहे किंवा घरात वापरायचं असेल तर उपयोग आहे. काम तडीस नेण्याइतका निधी, माणसं आणि साधनं हाताशी आहेत. आणि खर्च नीट मोजता येतो. यातल्या पाच पूर्ण झाल्या आणि एक राहिली, तरी भांडवलीकरण नाही, म्हणजे खर्च मालमत्तेत नोंदता येत नाही.

आता एका काल्पनिक कंपनीचं उदाहरण घेऊ. ती नवा सेन्सर बनवते आहे आणि तिचं हिशेबी वर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे. एप्रिलअखेरपर्यंत साहित्याच्या शोधावर ४० लाख गेले. हे संशोधन, इथे वाद नाही. मे ते ऑगस्ट नमुना यंत्रावर ६० लाख लागले. नमुना बनवणं हे स्वभावाने विकासाचं काम आहे, आणि नेमकी इथेच गफलत होते. ‘विकास’ म्हटलं की खर्च मालमत्तेत टाकता येतो, असं नाही. ऑगस्टअखेरपर्यंत नमुना उष्णतेच्या चाचणीत टिकेल का हे माहीत नव्हतं, आणि पुढच्या निधीला संचालक मंडळाची मंजुरीही नव्हती. हे ६० लाखही खर्चातच गेले.

१ सप्टेंबरला चाचणीचा अनुकूल अहवाल आला, त्याच दिवशी मंडळाने निधी मंजूर केला, आणि बाकीच्या अटींचे कागद आधीच तयार होते. त्या तारखेपासून खर्चाची गणना सुरू होते. सप्टेंबर ते डिसेंबर ९० लाख लागले. त्यातले ७० लाख अभियंत्यांचे पगार, साहित्य आणि पेटंट नोंदणीचं शुल्क होतं. ते मालमत्तेत जातात. उरलेले २० लाख मात्र जात नाहीत: ८ लाख यंत्र चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे, ५ लाख मुख्य कार्यालयाच्या सर्वसाधारण खर्चाच्या वाटणीचे, आणि ७ लाख चुकीच्या मिश्रणामुळे वाया गेलेल्या एका घाण्याचे.

वर्षाअखेर ताळेबंदात ७० लाख आणि नफा-तोटा पत्रकात १२० लाख. इथे एक मोह हमखास होतो. प्रकल्प यशस्वी ठरलाच, तर ते आधीचे ६० लाख परत ओढून घेऊ. तसं करता येत नाही. एकदा खर्च म्हणून नोंदलेली रक्कम नंतर मालमत्तेत आणायला मानक साफ मनाई करतं, आणि तिमाही अहवालात खर्च दाखवलेला असेल, तर त्याच वर्षातही ही मनाई लागू राहते.

त्यामुळे लेखापरीक्षक सगळ्यात आधी तारखेचा पुरावा मागतात. मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त, चाचणीचा अहवाल, बाजाराचा अंदाज, आणि प्रकल्पनिहाय टाइमशीट. वर्ष संपल्यावर आठवणीने भरलेली टाइमशीट लगेच कळून येते. प्रत्येक दिवशी नेमके आठच तास, आणि सगळा वेळ ज्या प्रकल्पाचं भांडवलीकरण व्हायचं आहे त्याच्याच नावावर. असल्या नोंदींवर खर्च मोजता येण्याची अट उभी राहत नाही.

पुढल्या वर्षी मार्चअखेर आणखी ५० लाख पात्र खर्च होऊन सेन्सर वापरायला तयार झाला, तर मालमत्तेची किंमत १२० लाख होते. आयुष्य पाच वर्षं आणि अखेरची किंमत शून्य धरली, तर अमॉर्टायझेशन, म्हणजे मालमत्तेची किंमत तिच्या आयुष्यभर थोडी थोडी खर्चात टाकणं, वर्षाला २४ लाखांचं लागेल. ते १ एप्रिलपासून सुरू होईल, म्हणजे पहिल्या वर्षी नऊ महिन्यांचे १८ लाख. सेन्सर तयार होण्याआधीच्या काळात अमॉर्टायझेशन नसतं, पण दर वर्षी इम्पेअरमेंटची, म्हणजे नोंदलेली किंमत वसूल होईल का याची, चाचणी करावीच लागते. मधेच बाजार आटला आणि या ७० लाखांतून फक्त ४५ लाखच वसूल होतील असं दिसलं, तर उरलेले २५ लाख त्याच वर्षी तोट्यात दाखवावे लागतात.