तीस टक्के कुठे गेले?

बोलायचं आहे सोडियम-आयन बॅटरीवर, पण आधी घरची एक तक्रार ऐकून घ्या. घर इथेच, ठाण्याच्या नौपाड्यात. गच्चीवर सोलर पॅनेल, खाली एलएफपी बॅटरी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट: १६ सेल सिरीजमध्ये, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे साधारण ५ युनिट. मागच्या जुलैत रात्री वीज गेली. स्क्रीनवर ३४ टक्के. पंखे, फ्रिज, सगळं निवांत चालू. थोड्या वेळाने आकडा ३० वर आला आणि घर अंधारात! सौ. म्हणाल्या, "तीस टक्के आहेत ना, मग काढा की बाहेर!" (हसू नका, तुमच्याकडेही हेच होणार आहे.)

झालं काय, तर एलएफपीचा सेल जवळजवळ भरलेला असो की बराच रिकामा, व्होल्टेज ३.२-३.३ च्या आसपासच रेंगाळतं. त्यावरून चार्ज ओळखता येत नाही. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजत बसतो. त्यात रोज थोडी चूक साठते. बॅटरी पूर्ण भरली की व्होल्टेज झपकन चढतं, तेव्हाच हा हिशेब पुन्हा १०० वर येतो. आपल्या पावसाळ्यात पॅनेल ती पूर्ण भरतच नाही! उपाय सोपा: अधूनमधून ग्रिडवरून पूर्ण चार्ज करा आणि शंभरवर थोडा वेळ राहू द्या.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बरं, सोडियम.

सोडियमचा सेल साधारण ४ व्होल्टपासून दीडपर्यंत उतरत जातो. त्यामुळे चार्ज किती उरला हे व्होल्टेजवरूनच बरंचसं कळतं. माझी तक्रार तिथल्या तिथे मिटली. पण नेमका तोच उतार इन्व्हर्टरला नडतो. माझा इन्व्हर्टर ४० ते ६० व्होल्ट घेतो. १६ सेल लावले तर पूर्ण भरल्यावर ६४ होतात, म्हणजे वरचा भाग सोडा. १५ लावले तर वर बरोबर ६०, पण ४० ला पोहोचताना प्रत्येक सेलमध्ये २.६७ व्होल्ट शिल्लक, म्हणजे खालची वीज तशीच पडून. पैसे मात्र पूर्ण सेलचे.

थंडीत सोडियम चांगला चालतो, हे खरं. ठाण्यात त्याचा उपयोग काय? तेवढ्याच युनिटला तो जास्त जागा आणि वजन घेतो. 'पेटत नाही' म्हणणाऱ्याला इलेक्ट्रोलाइट कोणतं ते विचारा. नेहमीचं सेंद्रिय असेल तर तेही जळतं. स्वस्ताईचं म्हणाल, तर २०२२ मध्ये लिथियम बॅटरीचा कच्चा माल, लिथियम कार्बोनेट, कडाडलं होतं तेव्हा ते गणित जुळत होतं. पुढे भाव कोसळले आणि एलएफपीही स्वस्त झाली. सोडियम मुबलक आहे, पण त्याच्या सेलच्या ऋण टोकाला लागणारा हार्ड कार्बन आणि कारखाने अजून कमी आहेत.

तेव्हा आज घरासाठी एलएफपीच. कुणी सोडियमचं कोटेशन आणलं, तर आधी इन्व्हर्टरची बॅटरी व्होल्टेज रेंज बघा आणि त्या रेंजमध्ये किती युनिट मिळतील ते लेखी मागा.