उंची आटोक्यात, उतार मोकाट

फळ्यावर बघा, Σ sin(n²x)/n². n म्हणजे १, २, ३ असं पुढे. साइनची किंमत १ च्या वर जात नाही, त्यामुळे प्रत्येक टर्म जास्तीत जास्त 1/n². आणि Σ 1/n² कन्व्हर्ज होते. वायरस्ट्रासची एम-टेस्ट लावली की संपलं: सिरीज सगळीकडे युनिफॉर्मली कन्व्हर्ज होते आणि बेरीज f कंटिन्यूअस आहे.

आता टर्म बाय टर्म डेरिव्हेटिव्ह घेऊ. चेन रूलने n² बाहेर येतो, खालच्या n² बरोबर कटतो, आणि उरतं cos(n²x). ही सिरीज एकाही x ला कन्व्हर्ज होत नाही. कशावरून? कन्व्हर्ज व्हायला cos(n²x) शून्याकडे जायला हवं. समजा, गेलं. n²x ला θ म्हणू. cos θ शून्याकडे, म्हणून cos 2θ = 2cos²θ − 1 जातं −1 कडे, आणि त्याच सूत्राने cos 4θ जातं 1 कडे. पण 4θ म्हणजे (2n)²x, म्हणजे आपल्याच यादीतली सम नंबरची टर्म. तीही शून्याकडे जायला हवी होती. झाली की नाही पंचाईत!

दहावी टर्म जवळून बघा. उंची फक्त 1/100, ग्राफवर रेघ थोडी जाड झाल्यासारखी दिसेल. पण ० ते 2π मध्ये तिच्या शंभर लाटा आहेत आणि शून्याजवळ उतार चक्क १, पहिल्या टर्मइतकाच. युनिफॉर्म कन्व्हर्जन्स उंचीवर लक्ष ठेवतं, उताराकडे ते बघतच नाही.

मग टर्म बाय टर्म डेरिव्हेटिव्ह घेऊन बेरजेचं डेरिव्हेटिव्ह f′ मिळवायचं असेल, तर अट उतारावरच घालायची. nव्या टर्मला fₙ म्हणू. [a, b] वर डेरिव्हेटिव्हची सिरीज Σ fₙ′ युनिफॉर्मली कन्व्हर्ज व्हावी, आणि मूळ सिरीज निदान एका बिंदूला, c ला, कन्व्हर्ज व्हावी. मूळ सिरीजचं युनिफॉर्म कन्व्हर्जन्स वेगळं मागायची गरज नाही, ते आपोआप मिळतं. fₙ′ कंटिन्यूअस असतील तर कारण सोपं आहे: c पासून x पर्यंत इंटिग्रेट करा. डेरिव्हेटिव्हमधली चूक सगळीकडे ε पेक्षा कमी असेल, तर इंटिग्रलमधली चूक ε(b − a) च्या वर जाणार नाही. c ची अट कशाला? डेरिव्हेटिव्ह घेताना हरवलेला कॉन्स्टंट परत मिळवायला. आपल्या सिरीजमध्ये खाली n⁴ लिहा, डेरिव्हेटिव्ह cos(n²x)/n² होईल आणि एम-टेस्ट परत चालेल.

परीक्षेत हमखास होणारी चूक अशी: अट मोडली, म्हणून f डिफरन्शिएबल नाही, असं मुलं लिहून टाकतात. अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. हार्डीने १९१६ मध्ये दाखवलं की π च्या इर्रॅशनल पटींवर हे f डिफरन्शिएबल नाही. पण x = π ला? तिथे डेरिव्हेटिव्हची सिरीज आहे −1 + 1 − 1 + 1…, पार्शल सम −1 आणि 0 मध्ये नुसत्या उड्या मारतात. तरी १९७० मध्ये गर्व्हरने सिद्ध केलं की f′(π) आहे, आणि ते आहे −1/2. त्या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये.