हेड ऑफिसचा खर्च शाखांवर टाकताना

मंडळी, आपण एक तीन शाखांची पतसंस्था समोर ठेवू. हेड ऑफिसच्या जागेचं भाडं महिना 60,000 रुपये, हिशेब विभागाचे पगार 90,000. हा दीड लाख तीन शाखांत सारखा वाटला तर लहान शाखेवर अन्याय होतो. नफ्याच्या प्रमाणात वाटला तर चांगलं काम करणाऱ्या शाखेलाच दंड बसतो.

त्यापेक्षा खर्च कशामुळे होतो ते बघा. हिशेब विभागाचा वेळ व्हाउचरं तपासण्यात जातो. मागच्या वर्षी महिन्याला सरासरी मुख्य शाखेची 3,000, बाजारपेठ शाखेची 1,800 आणि स्टँड शाखेची 1,200 व्हाउचरं आली. म्हणजे व्हाउचरमागे 15 रुपये. पगाराचे 45,000, 27,000 आणि 18,000 झाले. हे प्रमाण वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून वर्षभर तेच ठेवावं. दर महिन्याला बदललं, तर एका शाखेचं काम घटलं की दुसरीचा बोजा विनाकारण वाढतो.

भाड्याचं थोडं वेगळं. जागा 1,200 चौरस फूट. त्यातल्या 400 फुटांत मुख्य शाखेचं काउंटर आहे. तेवढे 20,000 सरळ तिचे. उरलेल्या जागेत हिशेबाची माणसं बसतात, म्हणून 40,000 त्याच व्हाउचरांच्या प्रमाणात जातील. एकूण आकारणी मुख्य शाखेला 85,000, बाजारपेठेला 39,000, स्टँडला 26,000. व्यवस्थापकांचा पगार मात्र मी हेड ऑफिसकडेच ठेवीन. त्याला पटेल असा आधार सापडत नाही.

आता नोंद. हेड ऑफिसच्या पुस्तकात तिन्ही शाखांची खाती नावे, आणि ‘खर्च वाटप वसुली’ खातं 1,50,000 ने जमा. भाडे खातं थेट जमा करू नका. घरमालकाला दिलेला पूर्ण आकडा तिथे दिसला पाहिजे. शाखेत ‘हेड ऑफिस खर्च’ नावे, ‘हेड ऑफिस खातं’ जमा. रोख कुठेच हलत नाही. एकत्रित ताळेबंद करताना वसुली आणि शाखांचा खर्च एकमेकांत उडतात. मार्चअखेर दोन्हीकडची खाती जुळवताना नेमका 39,000 चा फरक आला, तर बाजारपेठेने नोंद एप्रिलमध्ये टाकली का, ते आधी पाहा.

खरी काळजी पुढे आहे. स्टँड शाखेचा स्वतःचा शिलकी नफा 20,000. आकारणीनंतर 6,000 तोटा. लगेच कुणीतरी म्हणतं, शाखा बंद करा. पण ती बंद झाली म्हणून हेड ऑफिसचं भाडं कमी होत नाही, एक कारकूनही कमी होत नाही. ते 26,000 उरलेल्या दोघींवर पडतात आणि संस्थेचा महिन्याचा 20,000 चा नफा जातो. म्हणून संचालक मंडळापुढच्या तक्त्यात आकारणीपूर्वीचा नफा वेगळ्या ओळीत दाखवा, आणि शाखेचा निर्णय त्या ओळीवर घ्या.