ग्राहकाच्या दारात अडकलेला डेपो

मंडळी, महापे-तुर्भे पट्ट्यात माल पोचवणाऱ्याचा प्रश्न साधा दिसतो: एकच डेपो, तर तो कुठे? बहुतेक जण ग्राहकांच्या जागांची भारित सरासरी काढून थांबतात. पण सरासरीचा बिंदू अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करतो, आणि डिझेल जळतं ते अंतरावर, वर्गावर नाही. त्यासाठी वाइसफेल्ड यांनी 1937 साली मांडलेली पद्धत वापरायची. सुरुवात सरासरीच्या बिंदूपासून करा. सध्याच्या जागेपासून प्रत्येक ग्राहकाचं अंतर d काढा, रोजच्या फेऱ्या w त्याने भागा आणि त्या भारांनी पुन्हा सरासरी घ्या:

```
x_new = Σ(w·x/d) / Σ(w/d)
```

y साठीही हेच. जागा हलायची थांबेपर्यंत हे करत राहायचं.

आता नकाशावर किलोमीटरची चौकट आखू आणि तीवर चार काल्पनिक ग्राहक ठेवू. (−8, 0), (4, 3) आणि (4, −3) या तिघांकडे रोज 10 फेऱ्या, तर (0, 0) या छोट्या ग्राहकाकडे फक्त एक. सरासरी काढली तर उत्तर येतं (0, 0), म्हणजे नेमकं त्या छोट्याच्या दारात. तिथे d शून्य होतो, भागाकार कोलमडतो. काही जण शून्याऐवजी अगदी बारीक आकडा घालतात. मग त्या एका फेरीचा भार अवाढव्य होतो, डेपो तिथेच खिळतो आणि संगणक सांगतो, उत्तर मिळालं. ही चूक फार फसवी आहे, कारण पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

म्हणून ग्राहकावर पोचलात की ओढ तपासा. बाकीच्या प्रत्येकाच्या दिशेने त्याच्या फेऱ्यांइतक्या लांबीचा बाण काढा आणि बाणांची बेरीज घ्या. इथे पूर्वेकडे 8 आणि 8, पश्चिमेकडे 10, उरले 6. त्या ग्राहकाचा स्वतःचा भार 1. बेरीज या भारापेक्षा जास्त नसती, तर हीच जागा सर्वोत्तम ठरली असती. ती जास्त आहे, म्हणून ओढीच्या दिशेने थोडं सरका आणि एकूण अंतर कमी झालं का ते पाहा. झालं नसेल तर पाऊल निम्मं करा.

एक किलोमीटर सरकल्यावर एकेरी एकूण अंतर 180 वरून 175.85 किलोमीटरवर येतं. पुढच्या आवर्तनात x = 1.46, बेरीज 174.68, त्यापुढे 1.74 आणि 174.26. शेवटी x साधारण 2.02 वर स्थिरावतो, बेरीज 174.11.

शेवटची पावलं किती थोडं वाचवतात ते पाहिलंत ना? म्हणून नेमक्या बिंदूवरच भूखंड मिळावा असा हट्ट नको. जवळपासचे तीन-चार घ्या आणि त्यांची तुलना रस्त्याच्या अंतराने करा. ही पद्धत सरळ रेषेत मोजते. ठाण्याच्या खाडीपलीकडचा ग्राहक तिला जवळ वाटतो, पण ट्रकला ऐरोली किंवा वाशीचा पूल गाठावाच लागतो. अक्षांश-रेखांश थेट घालू नका: आपल्याकडे एक अंश अक्षांश सुमारे 110.7 किलोमीटरचा, तर रेखांशाचा सुमारे 105 चा. आधी किलोमीटरमध्ये बदला, मगच भागाकार सुरू करा.